डावीकडे विधान, उजवीकडे कारण

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचे नाव ६१७४ या संख्येशी कायमचे जोडले गेले आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक एकदा उतरत्या आणि एकदा चढत्या क्रमाने लावायचे, मोठीतून लहान वजा करायची आणि आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करत राहायचे. चारही अंक सारखे नसतील, तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि मग तेच येत राहते. तीन अंकी संख्यांच्या बाबतीत हा मान ४९५ला मिळतो. ८२१ घेऊन पाहा. ८२१ वजा १२८ म्हणजे ६९३, ९६३ वजा ३६९ म्हणजे ५९४, ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५. पुढे काहीही केले तरी ४९५च.

चार-पाच संख्यांवर हे करून पाहिले की आपली खात्री पटते. प्रत्येक तीन अंकी संख्येबाबत असेच होणार, हे सिद्ध करणे मात्र वेगळे काम आहे. आठवी-नववीतल्या एखाद्या हुशार मुलाला ते सांगितले, तर तो साधारण असे लिहील:

«संख्येचे अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क घेतले तर मोठी संख्या १००अ + १०ब + क होते आणि लहान १००क + १०ब + अ होते, वजाबाकी केली की ब निघून जातो आणि ९९(अ − क) उरते, म्हणजे उत्तर नेहमी ९९च्या पटीत येते, आणि ९९च्या पटी ०९९, १९८, २९७ अशा ८९१ पर्यंतच असल्यामुळे मधला अंक नेहमी ९ असतो आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९ असते, आता ९ हा सर्वांत मोठा अंक असल्यामुळे पुढच्या वेळी ९ मधून लहान अंक वजा करून ९९ने गुणले की उत्तर येते, आणि अशा रीतीने उत्तर दर वेळी लहान होत जाऊन शेवटी ४९५ वर थांबते, कारण ९५४ − ४५९ = ४९५.»

तपासणारा थकलेला असेल, तर याला पूर्ण गुण मिळतील. उत्तर चांगले आहे. कल्पना योग्य आहे, गणित बरोबर आहे, शेवटही बरोबर आहे. पण मधले एक वाक्य साफ खोटे आहे, एक वाक्य सांगून सोडून दिले आहे आणि एक अट लिहायचीच राहिली आहे. सलग वाचताना यातले काहीच खटकत नाही, कारण «म्हणजे», «आता», «अशा रीतीने» हे शब्द वाचणाऱ्याला हात धरून पुढे नेतात. हाच परिच्छेद एकाखाली एक क्रमांक घातलेल्या ओळींत मांडला आणि प्रत्येक ओळीसमोर तिचे कारण लिहायचे ठरवले, की तिन्ही गोष्टी वर येतात.

ही मांडणी मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही परकी नाही. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, आणि मग प्रत्येक ओळीच्या शेवटी तीन टिंबे देऊन कंसात कारण: व्युत्क्रम कोन, सामाईक बाजू, बाकोबा कसोटी. भूमितीच्या पुस्तकात हे सगळे असते. बीजगणिताकडे वळलो की ही शिस्त आपण सोडून देतो, जणू कारण फक्त त्रिकोणालाच लागते. शिवाय परीक्षेतल्या «कृती पूर्ण करा» छापाच्या प्रश्नांत ओळी आधीच पाडून दिलेल्या असतात आणि मुलाने चौकटीत एखादा शब्द भरायचा असतो. त्यातले अवघड काम, म्हणजे लांबलचक उत्तर नेमके कुठे तोडायचे हे ठरवणे, प्रश्न काढणाऱ्यानेच उरकलेले असते. आपल्याला इथे तेच करायचे आहे.

पहिल्या फेरीत कारणांचा विचार करायचा नाही. परिच्छेदातली विधाने फक्त सुटी करायची. विधान म्हणजे जे खरे किंवा खोटे असू शकते ते, आणि एका ओळीत असे एकच विधान. «वजाबाकी केली की ब निघून जातो आणि ९९(अ − क) उरते, म्हणजे उत्तर ९९च्या पटीत येते» यात पाहायला गेले तर एकच विधान आहे: वजाबाकी ९९(अ − क) आहे. ९९च्या पटीत असणे हे त्याचेच दुसरे रूप. उलट «मधला अंक नेहमी ९ असतो आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९ असते» यात दोन विधाने आहेत, आणि ती वेगवेगळ्या कारणांनी, वेगवेगळ्या कामासाठी लागणार आहेत. अशी काटछाट केल्यावर आपल्या परिच्छेदातून सात-आठ ओळी निघतात.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक ओळीसमोर कारण लिहायचे. कारण थोडक्यात हवे आणि त्यात नाव किंवा क्रमांक हवा. ते पक्षातून आलेले असेल, एखाद्या व्याख्येतून, आधीच्या क्रमांकाच्या ओळीतून किंवा सर्वांना ठाऊक असलेल्या नियमातून. «हे उघड आहे» हे कारण नव्हे. «गणितावरून» किंवा «सोपे रूप देऊन» हीसुद्धा बऱ्याचदा पळवाटच असते, कारण हे शब्द कोणत्याही ओळीपुढे ठेवता येतात. कारण खरे आहे की भरतीचे, हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. तेच कारण एखाद्या खोट्या विधानापुढे ठेवून पाहायचे. तिथेही ते तितकेच शोभत असेल, तर ते काही सांगत नाही.

आता «उत्तर दर वेळी लहान होत जाते» या ओळीसमोर काय लिहाल? आधीची कोणतीच ओळ कामाला येत नाही. नियमही आठवत नाही. पेन थांबले की एखादे उदाहरण करून पाहावे. १९८ घ्या. ९८१ वजा १८९ म्हणजे ७९२. उत्तर लहान झाले नाही, चौपट झाले. ०९९ची तऱ्हा याहून पुढची: ९९० वजा ०९९ म्हणजे ८९१, नऊपट. ज्याने मूळ परिच्छेद लिहिला, त्याने बहुधा ८२१सारख्या एक-दोन संख्या घेतल्या असतील. त्यांची उत्तरे खरोखरच ६९३, ५९४, ४९५ अशी उतरत गेली, आणि त्याला तोच नियम वाटला.

«कडेच्या दोन अंकांची बेरीज ९ असते» ही ओळ खरी आहे. तिचे कारणही सापडते. पण पुढे तिचा क्रमांक कुठल्याच कारणात येत नाही. लेखकाने ती का सांगितली? पाढा मांडताना दिसली, छान वाटली, म्हणून. अशी वापराविना राहिलेली ओळ दिसली की दोनच शक्यता असतात: ती फालतू असते, किंवा ती जिथे वापरायला हवी होती तो भाग लिहायचा राहिलेला असतो. इथे दुसरी शक्यता खरी आहे, हे थोड्या वेळात दिसेल. परिच्छेदात ही तपासणी करता येत नाही, कारण वाक्यांना नावे नसतात. क्रमांक दिले की बोट ठेवून विचारता येते: पाचवी ओळ कुठे लागली?

तिसरी गोष्ट म्हणजे न लिहिलेली अट. वजाबाकी ९९(अ − क) आहे आणि ती ०९९ पासून ८९१ पर्यंतच असते, यासमोर कारण लिहिताना «अ − क हा १ ते ९ पैकी एक» असे लिहावे लागते. ९ पर्यंत का, हे सोपे आहे. पण १ पासून का? शून्य का नाही? तिन्ही अंक सारखे असले, उदाहरणार्थ ४४४, तर फरक शून्य येतो आणि खेळ तिथेच संपतो. म्हणजे «तिन्ही अंक सारखे नाहीत» हा पक्ष हवाच. आणि एकदा हे लक्षात आले की आणखी एक शंका उभी राहते, जिचा मूळ परिच्छेदात मागमूसही नव्हता: सुरुवातीला अंक वेगळे होते हे ठीक, पण मध्येच एखाद्या वजाबाकीचे उत्तर ३३३ किंवा ६६६ आले तर?

तिसऱ्या फेरीत या फटी बुजवायच्या. सुटसुटीतपणासाठी सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांमधल्या फरकाला फ म्हणू. उत्तर दोन अंकी आले तर पुढे शून्य लावून ते तीन अंकी करायचे, हेही आधीच ठरवून टाकू. नाहीतर २११ वजा ११२ म्हणजे ९९, आणि ९९ वजा ९९ म्हणजे शून्य, असा घोटाळा होतो. आता सगळे पुन्हा लिहू.

पक्ष: तीन अंकी संख्या, तिन्ही अंक सारखे नाहीत. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क.
साध्य: वजाबाक्या करत गेल्यास ४९५ येते आणि पुढे तेच राहते.

१. अ > क …(पक्ष)
२. मोठी संख्या = १००अ + १०ब + क, लहान संख्या = १००क + १०ब + अ …(स्थानिक किंमत)
३. वजाबाकी = ९९ × (अ − क) …(२ वरून)
४. फ = अ − क मानल्यास फ हा १ ते ९ पैकी एक …(१ वरून; अंक ० ते ९ असतात)
५. वजाबाकी = १०० × (फ − १) + ९० + (१० − फ) …(३ व ४ वरून; कंस सोडवून ९९ × फ मिळतो)
६. वजाबाकीचे अंक डावीकडून फ − १, ९, १० − फ …(५ वरून, ४ नुसार फ − १ हा ० ते ८ मध्ये, १० − फ हा १ ते ९ मध्ये)
७. या नव्या संख्येतला सर्वांत मोठा अंक ९ …(६ वरून, ९ पेक्षा मोठा अंक नसतो)
८. फ − १ आणि १० − फ यांतला लहान अंक ४ किंवा त्याहून कमी …(त्यांची बेरीज ९, दोन्ही ५ किंवा अधिक असते तर बेरीज १० तरी झाली असती)
९. नवा फ = ९ वजा हा लहान अंक …(फ ची व्याख्या, ७)
१०. नवा फ हा ५ ते ९ पैकी एक. म्हणून नव्या संख्येचे तिन्ही अंक सारखे नसतात आणि १ ते ९ या ओळी तिलाही लागू होतात …(८ व ९ वरून)
११. फ हा ६ किंवा अधिक असेल, तर नवा फ = फ − १ …(९ वरून; अशा वेळी १० − फ हा ४ किंवा कमी, म्हणून लहान अंक तोच; ९ − (१० − फ) = फ − १)
१२. फ = ५ असेल, तर वजाबाकी ४९५ आणि नवा फ पुन्हा ५ …(३ व ९ वरून; अंक ४, ९, ५)
१३. पहिल्या वजाबाकीनंतर फ हा ५ ते ९ मध्ये येतो, दर वजाबाकीला एकाने उतरत ५ होतो, आणि तिथे ४९५ मिळून तेच राहते …(१०, ११, १२ वरून)

मूळ परिच्छेदातले «लहान होत जाते» पूर्ण चूक नव्हते, हे आता अकराव्या ओळीत दिसते. ते पहिल्या वजाबाकीनंतर खरे ठरते, आणि तेही फ ६ ते ९ मध्ये असेपर्यंत. त्या आधी उत्तर हवे तसे उडी मारू शकते. नुसते पडून राहिलेले «बेरीज ९» आठव्या ओळीत कामाला लागले, आणि आठवी ओळच दहाव्या ओळीचा आधार आहे. म्हणजे मधेच ३३३ येण्याची शंका त्या बेरजेनेच मिटवली. लिहिणाऱ्याच्या हातात किल्ली होती, कुलूप कुठे आहे ते त्याला दिसले नव्हते.

आणखी एक गोष्ट फुकटात मिळाली. फ जास्तीत जास्त ९ पासून ५ पर्यंत उतरायचा आहे, म्हणजे पहिली वजाबाकी धरून एकूण सहापेक्षा जास्त वजाबाक्या लागूच शकत नाहीत. २११ ला बरोबर सहा लागतात: ०९९, ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५. परिच्छेद कितीही वेळा वाचला तरी हा सहाचा आकडा त्यातून निघाला नसता.

सहाव्या ओळीसमोरचे कारण जरा लांबले आहे, आणि ते मुद्दाम तसेच ठेवले आहे. बहुतेक जण इथे «५ वरून» एवढेच लिहितील. पण पाचव्या ओळीत संख्या शंभर, दहा आणि एक यांच्या पटींत मांडली आहे, एवढ्याने ते पट «अंक» होत नाहीत. ३५७ ही संख्या १०० × २ + ५० + १०७ अशीही लिहिता येते, म्हणून १०७ तिचा एकक होत नाही. शतकाच्या आणि एककाच्या जागी आलेल्या राशी ० ते ९ मध्येच आहेत, हे सांगितल्यावरच त्यांना अंक म्हणता येते, आणि ते सांगण्यासाठी चौथी ओळ लागते. कारण दोन वाक्यांचे होऊ लागले की समजावे, तिथे एक ओळ दडलेली आहे. हवे तर तिला ६.१ आणि ६.२ असे पोटक्रमांक देऊन बाहेर काढावे.

पोटक्रमांकांची ही युक्ती फार पुढे नेली ती लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने. जगभरातले गणिती ज्या लॅटेक प्रणालीत आपले लेख टाइप करतात, ती त्याचीच. सिद्धता कशी लिहावी, यावर त्याचा एक लेख १९९५ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली या नियतकालिकात आला. त्याचे म्हणणे असे की सिद्धता मजल्या-मजल्याने लिहावी: वरच्या मजल्यावर पाच-सात मोठ्या पायऱ्या, प्रत्येकीखाली तिच्या पोटपायऱ्या, त्यांच्याखाली आणखी बारीक. ज्याला पटले तो वरच्या मजल्यावरून पुढे जाईल, ज्याला शंका आहे तो खाली उतरेल. त्या लेखात तो एक किस्सा सांगतो. विद्यार्थ्यांसाठी श्रोडर-बर्नस्टाइन प्रमेयाची सिद्धता लिहायची म्हणून त्याने जॉन केलीच्या टोपोलॉजीवरच्या नावाजलेल्या पुस्तकातली अर्ध्या पानाची सिद्धता घेतली आणि ती फोडून समजावायला बसला. पाच पाने लिहून झाल्यावर त्याला कळले की केलीची सिद्धता चुकीची आहे. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी एका व्याख्यानात पटण्याजोग्या पण चुकीच्या सिद्धतेचा नमुना हवा म्हणून त्याने तेच पुस्तक पुन्हा उघडले, तर काही केल्या चूक सापडेना. वाचावे तितकी सिद्धता बरोबरच वाटे. शेवटी ती आपल्या पद्धतीने ओळी पाडून लिहायला घेतली आणि काही मिनिटांत चूक पुन्हा हाती लागली. चूक आहे हे आधीपासून ठाऊक असलेल्या माणसाची ही गत. आपल्याकडच्या मुलांना «उत्तर नीट वाचून पाहा» असे सांगतात, तेव्हा वाचण्यावर आपण किती भरवसा ठेवतो, याचा विचार करायला हवा.

पण रकाना भरला म्हणजे झाले, असेही नाही. भूमितीतले एक जुने कोडे त्याची साक्ष आहे. रूझ बॉल यांच्या १८९२ साली निघालेल्या गणिती करमणुकीच्या पुस्तकात ते आहे: «प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो.» त्रिकोण अबक मध्ये अ कोनाचा दुभाजक आणि बक बाजूचा लंबदुभाजक जिथे मिळतात, त्या बिंदूपासून उरलेल्या दोन बाजूंवर लंब टाकायचे. मग त्रिकोणांच्या जोड्या एकरूप होतात, एक कोकोबाने, एक कर्णभुजा कसोटीने. प्रत्येक ओळीला कारण आहे आणि प्रत्येक कारण खरे आहे. शेवटी तुकड्याला तुकडा जोडून अब = अक निघते. चूक आहे ती या जोडण्यात. दोन बाजू असमान असतील, तर लंबाचा एक पाय बाजूवर पडतो आणि दुसरा बाजू वाढवल्यावर तिच्या बाहेर. म्हणून एका बाजूसाठी तुकडे मिळवायचे असतात आणि दुसरीसाठी वजा करायचे असतात. त्या ओळीसमोर «आकृतीवरून» असे लिहिलेले असते आणि आकृती हाताने, थोडी चुकीची काढलेली असते. त्यामुळे या मांडणीत «आकृतीवरून» हे कारण दिसले की तिथे थांबून कंपास आणि पट्टी काढून आकृती नीट काढून पाहावी. बीजगणितात हीच जागा «उदाहरणावरून» घेते. आपल्या मूळ परिच्छेदातले «लहान होत जाते» नेमके त्याच वर्गातले होते.

दुसरी मर्यादा वेगळी आहे, आणि शिकवणाऱ्याने ती ध्यानात ठेवावी. पाचवी ओळ पाहा. ९९ × फ ही राशी एकदम १०० × (फ − १) + ९० + (१० − फ) अशी का लिहिली? समोरचे कारण ती बरोबर आहे एवढे सांगते. ती सुचली कशी, हे सांगत नाही. ती सुचते पाढ्यावरून. ९९, १९८, २९७, ३९६ असे एकाखाली एक मांडले की शतक एकाने चढताना आणि एकक एकाने उतरताना डोळ्यांना दिसते, आणि मधला ९ जागचा हलत नाही. मग हे सगळ्या पटींना एकदम लागू करायचे म्हणून फ − १ आणि १० − फ येतात. कारणांच्या रकान्यात पाढ्याला जागा नाही. म्हणून मुलांना ही सिद्धता देताना आधी फळ्यावर पाढा, मग ओळी, असा क्रम ठेवावा. सुटे कागद, खाडाखोड, करून पाहिलेली उदाहरणे हे सगळे आधी व्हायला हवे. पहिल्याच क्षणापासून क्रमांक घालून लिहायला बसले, तर पाचव्या ओळीवरच माणूस अडतो.

ओळी किती बारीक पाडायच्या, याला एकच मोजमाप नाही. कोणासाठी लिहितो आहोत, त्यावर ते ठरते. शिक्षकासाठी दुसरी आणि तिसरी ओळ एक करता येईल, सातवीच्या मुलासाठी तिसरीतली वजाबाकी उभी मांडून दाखवावी लागेल. पण ९ − ४ = ५ यापुढे «वजाबाकी करून» असे लिहिणे म्हणजे कारणाचा रकाना रिकामा दिसू नये म्हणून भरणे. असल्या कारणांत खरी कारणे हरवतात. वाचणारा ती वगळत वगळत आठवी ओळही वगळून जातो, आणि आपली सिद्धता तर आठव्या ओळीवरच उभी आहे.

एकदा ओळी नीट पडल्या की त्यांच्यावर आणखी एक प्रयोग करता येतो. प्रश्न थोडा बदलायचा आणि कोणती ओळ मोडते ते पाहायचे. दोन अंकी संख्या घेतल्या तर वजाबाकी ९ × (अ − ब) येते आणि तिचे अंक फ − १ आणि १० − फ असतात. सहाव्या ओळीपर्यंत सगळे तसेच चालते. सातवी मोडते, कारण मधला ९ आता नाही, त्यामुळे सर्वांत मोठा अंक ९च असेल याची हमी नाही. मग आठवीपासून पुढची इमारत खचते, आणि प्रत्यक्षातही तसेच होते: ०९ वरून ८१, मग ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. हे चक्र कुठेच थांबत नाही.

चार अंकी संख्या घेतल्या, म्हणजे कापरेकरांच्या ६१७४ कडे गेलो, तर मोडतोड त्याच्याही आधी होते. अंक अ, ब, क, ड असे उतरत्या क्रमाने घेतले की तिसरी ओळ ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) अशी होते. मधले अंक आता निघून जात नाहीत. चौथ्या ओळीत एका फ ऐवजी दोन फरक धरावे लागतात. पहिला १ ते ९ मध्ये असतो, दुसरा ० पासून पहिल्याइतका, आणि त्यांच्या जोड्या ५४ होतात. त्या ५४ जोड्या एकेक करून सोडवता येतात. एखाद्या रविवारी वही घेऊन बसलात, तर सगळ्या तपासून होतील, फक्त प्रत्येक जोडीसमोर ती पुढे कोणत्या जोडीकडे गेली ते लिहायला विसरू नका.